मीटर बाहेर हलवण्याचा अर्ज

कोकणातल्या एखाद्या गावातलं साधं घर धरा. घर बांधलं तेव्हा मीटर ओटीवर बसवला होता. ओटी उघडी असल्यामुळे रीडिंग घेणारा माणूस येऊन आकडा टिपून जायचा. पुढे चोरांच्या भीतीने ओटीला ग्रील लागलं, माडीचा जिना तिथूनच वर गेला आणि मीटर जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेला. घरातली माणसं दिवसभर कामावर असतात, ग्रीलला कुलूप असतं. बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटरपर्यंत पोहोचता आलं नाही, अशा अर्थाचा शेरा येतो आणि रक्कम सरासरीने लावलेली असते. त्यात पावसाने भिंत ओल धरते आणि पत्र्याच्या पेटीचं दार बिजागरीतून गंजून लोंबू लागतं.

अशा वेळी गावातल्या ओळखीच्या वायरमनला बोलावून तास-दोन तासांत मीटर बाहेर लावून घ्यायचा मोह होतो. हे करू नये. मीटरवर कंपनीचं सील असतं, आणि परवानगीशिवाय मीटर काढणं-जोडणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. तुटलेलं सील पुढे कुणाच्या नजरेस पडलं, तर वीजचोरीचा संशय दूर करत बसावं लागतं ते वेगळंच.

म्हणून अर्ज. तो लिहिण्याआधी मीटर नुसता गैरसोयीचा आहे की धोक्याचा, एवढं बघावं. पेटीतून गुणगुण ऐकू येत असेल, जळका वास येत असेल, वायरी शिरतात त्या झाकणापाशी काळे डाग दिसत असतील किंवा ओल्या पत्र्याचा झटका बसला असेल, तर अर्जाची वाट बघू नये. पेटीला हात न लावता १९१२ वर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. अर्ज त्यानंतर द्यावा आणि त्यात हा क्रमांक घालावा.

आता खर्चाचं. ग्राहकाने स्वतःच्या सोयीसाठी मीटर हलवायला सांगितला, तर खर्च ग्राहकाचा. पेटी मात्र कंपनीने बसवलेली असेल आणि जुनी होऊन गंजली असेल, तर ती बदलण्याची मागणी निराळी ठरते. या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की कार्यालय सगळंच काम ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ या खात्यात टाकतं. त्या वेगळ्या मांडलेल्या बऱ्या. आपल्या कोकणातल्या घराचा अर्ज साधारण असा होईल :

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, (उपविभागाचे नाव)

विषय : वीजमीटर घराच्या बाहेरील भिंतीवर हलवणे व खराब मीटरपेटी बदलणे.
संदर्भ : ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, मीटर क्रमांक (बिलावरून)

महोदय,

वरील घरगुती जोडणी माझ्या नावावर असून थकबाकी नाही. मीटर सध्या ओटीवर जिन्याखाली आहे. ओटीला मी ग्रील बसवल्यामुळे तो बंद जागेत आला असून मागील तीन बिले सरासरीने आली आहेत.

मीटर घराच्या पूर्वेकडील दर्शनी भिंतीवर हलवावा, ही विनंती. नवी जागा फाटकातून दिसते, पागोळीच्या आत आहे आणि जुन्या जागेपासून सुमारे १५ फुटांवर आहे. खांबावरची सर्व्हिस वायर याच बाजूने येते. जागेची पाहणी करून खर्चाचे अंदाजपत्रक द्यावे. मीटरपुढील वायरिंग मी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेऊन चाचणी अहवाल देईन.

कंपनीने बसवलेल्या पेटीचे दार गंजून निखळले आहे. मीटर चालू असून सील शाबूत आहे. पेटी बदलण्याचा विचार वेगळा व्हावा.

सोबत : चालू बिलाची प्रत, ओळखपत्र, घरपट्टीची पावती, दोन्ही जागांचे फोटो.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

ग्रील मी बसवलं, ही कबुली काहींना खटकेल. पण पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला ग्रील दिसणारच असतं. ते आधीच लिहिलेलं असलं की गंजलेल्या पेटीबद्दलचं आपलं म्हणणंही तो खरं धरतो. ‘सील शाबूत आहे’ हे वाक्य त्याहून मोलाचं. मीटर हलवायच्या दिवशी सील तुटलेलं निघालं, तर ते कधी तुटलं हा वाद मग उभा राहतो. सील आधीच तुटलेलं असेल, तर तेही अर्जात लिहावं आणि फोटो जोडावा.

नव्या जागेचं वर्णन नुसतं ‘बाहेर कुठेही’ असं करू नये. भिंत स्वतःची हवी, सामाईक किंवा शेजाऱ्याची नको. न्हाणीघराची भिंत, नळ, टाकीची ओव्हरफ्लो नळी आणि गॅसची नळी यांपासून जागा लांब असावी. आकडा खुर्चीवर न चढता वाचता यावा, म्हणजे मीटर साधारण डोळ्यांच्या उंचीवर यावा. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांनी मात्र उंची पुराच्या खुणेवरून ठरवावी आणि ती खूण फोटोत दाखवावी.

या कामाचे दोन भाग असतात, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. खांबापासून मीटरपर्यंतचं काम कंपनीचं, मीटरपासून मेन स्विच आणि घरातलं काम आपलं. कंपनीचा माणूस मीटर नव्या भिंतीवर लावून देतो आणि तिथून घरात जाणारी वायर तयारच नसते. मग संध्याकाळी घरात अंधार. म्हणून अंदाजपत्रकाचे पैसे भरले की ठेकेदाराला गाठावं, नव्या जागेपासूनची वायर योग्य जाडीची, पाइपातून टाकून घ्यावी आणि अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावं. अंदाजपत्रकाची रक्कम कार्यालयाच्या खिडकीवर किंवा ऑनलाइन भरून पावती घ्यावी. लाइनमनच्या हातात रोख देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

अर्ज अडतो तो बहुधा नावावरून. जोडणी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी नावबदलाचा अर्ज द्यावा. भाडेकरूला घरमालकाचं संमतिपत्र लागतं, आणि सोसायटीत मीटरघर सामाईक असल्यामुळे सोसायटीचा ना-हरकत दाखला.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. महिन्याभरात पाहणीलाही कुणी आलं नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावं. त्यावरही काही झालं नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं आणि तिथल्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे. दोन्हीकडे ती शिक्क्याची प्रत लागतेच.

मीटर हलवायच्या दिवशी घरातलं एक माणूस हजर असावं. जुन्या जागी असतानाचा आकडा, नव्या जागी लावल्यावरचा आकडा आणि नवं सील, असे तीन फोटो काढावेत. तोच मीटर पुन्हा लावला तर दोन्ही आकडे सारखेच दिसायला हवेत. नवा मीटर बसवला, तर जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा अहवालावर लिहिल्याशिवाय सही करू नये. पुढच्या बिलात जुन्या मीटरचं शिल्लक रीडिंग आणि नव्याचे युनिट यांची बेरीज या फोटोंवरूनच ताडून पाहता येते.