शेवटच्या रकान्यापासून वाचलेली वही

नर्सिंगच्या मुलींच्या केअर प्लॅनच्या वह्या तपासताना मी गेली काही वर्षं उलट्या बाजूने वाचते. आधी शेवटचा रकाना, मग ध्येय, मग प्राधान्यक्रम आणि सगळ्यात शेवटी रुग्णाची माहिती. कारण सांगते.

वॉर्डात पोस्टिंग लागलं की विद्यार्थिनीला एक रुग्ण मिळतो. त्याला तपासायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या अडचणी क्रमाने मांडायच्या, प्रत्येक अडचणीसाठी ध्येय ठरवायचं, त्यासाठी काय करणार ते लिहायचं, आणि ठरलेल्या वेळी परत जाऊन पाहायचं की ध्येय गाठलं का. हे सगळं रकान्यांमध्ये लिहिलं की झाला केअर प्लॅन. ‘गाठलं का’ हा शेवटचा रकाना. तो भरायचा तर दुसऱ्या दिवशी रुग्णापाशी जावंच लागतं. पण कित्येक वह्यांत तो आदल्या रात्री, होस्टेलच्या खोलीत, बाकीच्या रकान्यांबरोबर एकाच शाईत भरलेला असतो. “ध्येय अंशतः साध्य.” हे तीन शब्द मी इतक्या वेळा वाचलेत, की ते दिसले की मी वही घेऊन सरळ खाटेकडेच जाते.

अशीच एक वही. विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाची, अक्षर सुरेख, रकाने पट्टीने आखलेले. रुग्ण एकसष्ट वर्षांच्या आजी, हृदय अशक्त झाल्याने अंगात पाणी साठून दाखल झालेल्या. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज, आडवं झालं की दम. मुलीने मंगळवारी केस घेतली आणि बुधवारी सकाळी वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या रकान्यात होतं: “दम कमी झाला, सूज कमी झाली, ध्येय अंशतः साध्य.”

“कधी पाहिलंस हे?” मी विचारलं. ती गप्प राहिली. मी म्हटलं, “चल, आजींकडे जाऊ.”

आजी खाटेवर पाय खाली सोडून, पुढे वाकून बसल्या होत्या. पाठीशी तीन उशा. मी त्यांचा हात नाडी बघायला धरला आणि नाडी मोजून झाल्यावरही तसाच धरून ठेवला. श्वास मोजतोय हे माणसाला कळलं, की त्याचा श्वास बदलतो, म्हणून ही जुनी युक्ती. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजले. अठ्ठावीस. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९१ टक्के. वहीत श्वासाचा आकडा होता २०.

“वीस कसे आले?” ती खरं बोलली, याचं मला आजही कौतुक आहे. “मॅडम, मोजले नव्हते. दिसायला नॉर्मल वाटले.”

वीस हा आकडा वह्यांत फार सापडतो. अठरा आणि वीस. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो, म्हणून न मोजता लिहिलेला आकडा नेमका तिथेच येऊन बसतो. काही जणी पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. त्यात एक श्वास चुकला, की मिनिटाला चारचा फरक पडतो. आजींच्या बाबतीत तो आकडा महत्त्वाचा होता. वीस असता तर त्या दिवशी कुणी घाई केली नसती. अठ्ठावीस आणि ९१ दिसल्यावर आम्ही वहीचं काम बाजूला ठेवलं, आजींना नीट टेकवून बसवलं आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला व डॉक्टरांना लगेच सांगितलं.

माहितीचा रकाना तपासताना मी तीन गोष्टी बघते: आकडा आजचा आहे का, त्यापुढे वेळ आहे का, आणि तो रुग्णाकडून आलाय की केसपेपरवरून उतरवलाय. या वहीतला रक्तदाब १७०/१०० होता. तो दाखल झाल्या दिवशीचा, केसपेपरवरचा. बुधवारी सकाळी आम्ही मोजला तेव्हा तो १३८/८४ निघाला. “सूज आहे” असं लिहिलं होतं, पण कुठपर्यंत, बोट दाबलं की खड्डा पडतो का, याचा पत्ता नव्हता. आणि सल्ल्याच्या रकान्यात होतं, “धूम्रपान बंद करण्याविषयी समजावले.” आजींनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती. त्या मिश्री लावत. पुस्तकातला तयार प्लॅन उतरवला की असं होतं: रुग्णाला नसलेली सवय वहीत येते, आणि असलेली सवय विचारायची राहून जाते.

आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन परिचारिकेने १९६१ मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं, की परिचारिकेला जे दिसलं आणि त्यावरून जे वाटलं, ते तिने रुग्णाला विचारून पडताळावं आणि मगच काही करावं. केअर प्लॅनच्या पहिल्या रकान्याला मार्क देताना मी हीच पडताळणी शोधते.

प्राधान्यक्रमाकडे येऊ. मुलीने पहिली अडचण लिहिली होती झोपेची. दुसरी चिंता, तिसरी अंगात साठलेलं पाणी, चौथी दम. तिला विचारलं तर म्हणाली, आजींनी सगळ्यात आधी झोपेचंच सांगितलं. ते खरंच होतं. पण रुग्ण ज्या क्रमाने सांगतो, तो त्रासाचा क्रम असतो. जिवाच्या धोक्याचा तोच असेल असं नाही. श्वास, मग रक्ताभिसरण, मग बाकीचं, हा ढोबळ नियम तिला पाठ होता. माझा पुढचा प्रश्न वेगळा होता: “आजींना झोप का लागत नाही?” आडवं झालं की पायातलं पाणी वर येतं, फुप्फुसांवर भार पडतो, दम लागतो, म्हणून त्या रात्रभर बसून काढतात. म्हणजे वहीत चार अडचणी दिसत होत्या, पण त्यांतल्या तीन एकाच मुळाच्या होत्या. पाणी उतरलं की दम उतरणार, दम उतरला की झोप येणार. हे नातं ज्या वहीत दिसतं, तिला मी क्रम एखाद्या जागी चुकला तरी चांगले मार्क देते. नुसता पाठ केलेला क्रम बरोबर असेल, पण कारण लिहिलेलं नसेल, तर अर्धेच.

ध्येयाचा रकाना सगळ्यात फसवा. तिने लिहिलं होतं, “रुग्णाचा दम कमी होईल. रुग्णाचे दर चार तासांनी निरीक्षण केले जाईल.” दुसरं वाक्य ध्येय नव्हेच, ते नर्सचं काम. ध्येयाच्या वाक्यात कर्ता रुग्ण असतो: त्याच्यात काय बदल दिसेल, किती आणि कधीपर्यंत. पहिल्या वाक्यात कर्ता बरोबर, पण “कमी” म्हणजे किती? अठ्ठावीसचे सत्तावीस झाले तर साध्य म्हणायचं का?

आम्ही दोघींनी खाटेजवळच बसून ते नव्याने लिहिलं. “उद्या सकाळी आठपर्यंत आजींचा श्वास विश्रांतीत मिनिटाला २४ च्या आत येईल, ऑक्सिजन ९४ टक्के किंवा जास्त राहील, आणि वजन आजच्यापेक्षा अर्धा ते एक किलो कमी भरेल.” वजनाला खालची आणि वरची, अशा दोन्ही हद्दी डॉक्टरांना विचारून घातल्या. पाणी उतरणं हवं असतं, पण फार झपाट्याने उतरलं तर रक्तदाब पडतो, माणूस उठताना भोवळ येऊन कोसळतो. “दोन दिवसांत सूज पूर्ण जाईल” असंही काही जणी लिहितात. तेही मोजता येतं, पण गुडघ्यापर्यंतची सूज अशी दोन दिवसांत जात नाही, म्हणून त्याला पूर्ण मार्क नाहीत.

आता वजन. मंगळवारी सकाळचं ५८.४ किलो वॉर्डच्या तक्त्यावर होतं. बुधवारचं वहीत नव्हतंच. आम्ही लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन केलं. ५८.९. लघवीचं औषध चालू असताना वजन उतरायला हवं होतं, ते अर्धा किलो वाढलं होतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी अंगात जास्तीचं राहिलं होतं, आणि वही म्हणत होती, सूज कमी झाली.

पाण्याच्या तक्त्यावर मंगळवारचं पोटात गेलेलं पाणी दीड लिटरच्या आत, डॉक्टरांनी घातलेल्या मर्यादेत बसत होतं. मग अर्धा लिटर आलं कुठून? मुलीने या वेळी स्वतःहून विचारलं, “आजी, काल घरून काय काय आलं होतं?” आजी म्हणाल्या, “काही नाही गं. लेक दोन शहाळी घेऊन आला होता. शहाळ्याने काय होतंय?” डब्यात लिंबाचं लोणचंही होतं.

शहाळं पाण्यात धरायचं असतं हे घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तक्ता भरणाऱ्या मुलीने विचारलं नव्हतं. लोणच्यातलं मीठ तर पाणी धरूनच ठेवतं. आता शेवटच्या रकान्यात लिहायला खरी गोष्ट मिळाली: ध्येय असाध्य, वजन ५८.९, श्वास २८. संभाव्य कारण, न मोजलेलं पाणी आणि घरचं मीठ. बदल, दिवसाचं पाणी एका खुणेच्या बाटलीत भरून ठेवणं, शहाळं-चहा-गोळीबरोबरचं पाणी त्यातूनच वजा करणं, लघवी ‘चार वेळा’ असं न लिहिता मापात मोजणं, लेकाशी डब्याबद्दल बोलणं. पुन्हा तपासणी गुरुवारी सकाळी. “असाध्य” लिहिताना तिचा हात अडखळला. तिला वाटत होतं, मार्क जाणार. माझ्याकडे त्या शब्दाला मार्क जात नाहीत. न बघता लिहिलेल्या “साध्य”ला शून्य मिळतं.

मी वीसपैकी गुण देते: माहितीला सहा, प्राधान्याला चार, ध्येयाला पाच, फेरतपासणीला पाच. पहिल्या वहीला दोन, दोन, एक आणि शून्य, असे पाच पडले. दुरुस्त वहीला पाच, चार, चार, चार, एकूण सतरा. माहितीचा एक मार्क मिश्रीसाठी राखून ठेवला, कारण दिवसातून किती वेळा लावतात हे अजूनही विचारलेलं नव्हतं. एकाच वहीला दोन ट्यूटर वेगवेगळे गुण देतात, हे आमच्याकडे नेहमी घडतं, आणि त्यात सुरेख अक्षराचा वाटा बराच असतो. म्हणून प्रत्येक गुणापुढे तो कशासाठी, हे एका ओळीत लिहायचं असं आम्ही ठरवलंय. तरीही नुसता कागद बघून आकडा खरा की ठोकलेला, हे कळत नाही. पंधरा वह्यांपैकी चार-पाच तरी मी खाटेपाशी नेऊन ताडून बघते. सगळ्या नेणं जमत नाही.

गुरुवारी सकाळी आजींचं वजन ५८.१ भरलं, श्वास २२, ऑक्सिजन ९५. डॉक्टरांनी बुधवारी औषधाचा डोस वाढवला होता, त्यामुळे हे सगळं बाटलीमुळे झालं असं वहीत लिहू नकोस, दोन्ही कारणं लिही, असं मी तिला सांगितलं. आजी दोन उशांवर रात्री चार तास झोपल्या होत्या.

दुपारी लेक आला. आजींनी मुलीला विचारलं, “आज शहाळं चालेल का गं?”

“डॉक्टरांना विचारून सांगते, आजी. हो म्हणाले तर या ग्लासात ओतून घ्या, म्हणजे मला मोजता येईल. तेवढं बाटलीतलं पाणी कमी करू.”

हे ती वहीत लिहायला विसरली होती. मी पेन पुढे केलं, आणि वेळ टाकायला सांगितली.