चाळीस जण, पण कितींपैकी?

लातूरच्या ट्युशन एरियात बारावीचे निकाल लागले की चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. क्लासचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली टॉपर्सचे फोटो आणि एक ठरलेली ओळ : ‘सीईटीत ४० विद्यार्थी ९० पर्सेंटाईलच्या वर!’ वाचलं की वाटतं, बास, इथंच ॲडमिशन घ्यायची. पण थांबा, या ओळीत एक आकडा गायब आहे.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे आपल्याला माहीत असतं; तरी फ्लेक्ससमोर आपण ते हमखास विसरतो. ९० पर्सेंटाईल याचा अर्थ तुमच्या सत्रात पेपर दिलेल्या शंभरातल्या साधारण नव्वद जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळाले. म्हणजे काहीही झालं तरी राज्यातली सुमारे दहा टक्के मुलं ९०च्या वर असणारच.

आता समजा, त्या क्लासच्या बॅचमध्ये ४०० मुलं होती. त्याचे दहा टक्के किती? ४०. म्हणजे क्लासने राज्याच्या सरासरीइतकंच काम केलं! तेच ४० जण ८० मुलांच्या बॅचमधले असते, तर गोष्ट वेगळी. तरीही एक शंका उरतेच. प्रवेशाआधी स्क्रीनिंग टेस्ट घेऊन हुशार पोरंच निवडली असतील, तर श्रेय नक्की कुणाचं?

दुसरी गंमत फोटोंची. तोच हसरा चेहरा कधीकधी तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो. तिन्ही खोटं बोलत असतील असं नाही. एकीकडे तो दोन वर्षं शिकलेला असतो, दुसरीकडे त्याने महिनाभराचा क्रॅश कोर्स केलेला असतो आणि तिसरीकडे नुसती टेस्ट सिरीज लावलेली असते. म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोटोसोबत त्या विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला, किती काळाचा आणि पैसे भरून केला की नाही, हे लिहिणं आवश्यक आहे. फोटो वापरायला निकालानंतर त्याची लेखी संमतीही लागते. ‘सिलेक्शनची हमी’ वगैरे तर चालतच नाही.

चौकशीला गेलात की काउंटरवरच्या मॅडमना सरळ विचारा : ‘मॅडम, मागच्या वर्षी रेग्युलर बॅचला किती मुलं होती आणि त्यातली निम्मी किती पर्सेंटाईलच्या वर गेली?’ टॉपर कुठल्याही क्लासला एखादा सापडतो. आपण बहुतेक मधल्या बाकावरचे असतो, त्यामुळे मधल्या मुलाचं काय झालं हे कळणं जास्त कामाचं. उत्तराऐवजी माहितीपत्रकच पुढं सरकवलं गेलं, तर फी हप्त्याने भरता येते का आणि मध्येच क्लास सोडला तर किती पैसे परत मिळतात, एवढं लेखी घ्या आणि शेजारच्या क्लासची पायरी चढा.