पैसे खरंच कधी येणार?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं काम करणारा एखादा छोटा कारखाना घ्या. 1 जूनला बँकेत 90 हजार रुपये आहेत आणि तीन गिऱ्हाइकांकडून येणी आहेत : 1 लाख 80 हजार, 2 लाख 40 हजार आणि साडेतीन लाख. तिन्ही बिलांची मुदत 4 जूनपर्यंत संपते. कागदावर पाहिलं तर चिंता नाही.

पण मुदत म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेला शब्द. पैसे येतात ते त्याच्या सवयीने. म्हणून प्रत्येकाची जुनी बिलं काढायची आणि मुदतीनंतर किती दिवसांनी रक्कम जमा झाली ते लिहायचं. समजा, एकाचे आकडे 10, 12, 11, 14, 12 आणि 75 आहेत. सरासरी 22 येते, पण ती फसवी. 75 दिवस लागले ते माल रिजेक्ट झाल्याच्या वादात. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला की 12 मिळतो, आणि तीच त्याची खरी सवय. एक्सेलमध्ये `MEDIAN` हे काम करतं.

आता तारखा पुन्हा मांडू. पहिला गिऱ्हाईक तीन दिवस उशीर करतो, म्हणजे 1 लाख 80 हजार 7 जूनला. त्याच दिवशी 2 लाख 20 हजारांचे पगार भागतात, 50 हजार उरतात. दुसऱ्याचे 2 लाख 40 हजार 9 तारखेला येतात. 15 तारखेला कास्टिंगवाल्याचे 2 लाख 60 हजार दिले की हातात 30 हजार. 20 तारखेला जीएसटी 95 हजार भरायचा आहे. म्हणजे 65 हजार कमी पडणार! साडेतीन लाखवाला नेहमी 40 दिवस लावतो. 31 मेची मुदत धरली तरी त्याचे पैसे 10 जुलैला.

ही तूट 19 दिवस आधी दिसली, हाच या मांडणीचा खरा फायदा. आज फोन केला तर कास्टिंगवाला निम्मी रक्कम पुढे ढकलू देईल. 19 तारखेला कोणी ऐकत नाही. जीएसटी उशिरा भरला तर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज लागतं.

एक धोका मात्र लपून राहतो. सवय काढताना आपण फक्त पैसे आलेली बिलं मोजतो, अजून अडकलेली त्यात नसतात. त्यामुळे बिघडत चाललेलं गिऱ्हाईक कागदावर चांगलंच दिसत राहतं. ज्या बिलाने नेहमीचा उशीरही ओलांडला, त्याची तारीख ‘उद्या’ करत पुढे ढकलू नका. ते अंदाजातून बाहेर काढा, त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाला फोन लावा आणि नक्की तारीख मिळाल्यावरच ते परत आत घ्या.