मेंदी किती भरावी, हे ठरवण्याआधी हाताचा फोटो काढा

घरात लग्न ठरलं की बायका मोबाइलवर मेंदीचे नमुने बघायला लागतात. हे नमुने बहुतेक जवळून टिपलेले असतात. फोटोत फक्त हात असतो, चांगला उजेड असतो आणि बोटं नीट पसरलेली असतात. लग्नाच्या अल्बममध्ये आपला हात असा एखाद्याच फोटोत येतो. बाकी ठिकाणी तो औक्षणाचं तबक धरतो, कुणाची ओटी भरतो, नाहीतर नवरीच्या खांद्यावर विसावलेला असतो. म्हणून नक्षी निवडताना आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. हाताची कोणती बाजू फोटोत येणार आणि फोटो किती अंतरावरून निघणार? शैली आणि भरगच्चपणा यांची उत्तरं त्यातूनच मिळतात.

पहिली गोष्ट अंतराची. मेंदीवाल्या ताईंकडे साधारण दोन टोकांच्या शैली असतात. राजस्थानी किंवा मारवाडी नक्षीत तळहातापासून कोपरापर्यंत जागा मोकळी सोडत नाहीत. बारीक जाळी, कोयरी, मोर, कमळ, बेलबुट्टी एकमेकांना लागून येतात. अरेबिक नक्षीत जाड रेषेची पानाफुलांची एकच वेल मनगटावरून तिरकी बोटाकडे जाते आणि दोन्ही बाजूंना कातडी मोकळी राहते. जवळून पाहताना राजस्थानी काम डोळा खिळवून ठेवतं. पण माणूस पूर्ण उभा दिसेल अशा फोटोत हात अंगठ्याच्या नखाएवढा उरतो. तेव्हा बारीक रेषा आणि त्यांच्यामधल्या बारीक फटी एकमेकींत मिसळून नुसता तपकिरी डाग दिसतो. दुरून नक्षी वाचता येते ती मोकळ्या जागेमुळे. त्यासाठी एक सोपा नियम आहे: दोन रेषांमधली फट निदान रेषेच्या जाडीइतकी तरी असावी.

आपल्याकडची जुनी पद्धत दुरूनही स्पष्ट दिसते, तीही याच कारणाने. पाट्यावर वाटलेल्या पाल्याचा तळहातावर एक मोठा गोल ठिपका आणि बोटांच्या टोकांना टोप्या, बाकी तळवा मोकळा. आजच्या मंडलाच्या नक्षीतही मधोमध गोल असतो आणि बोटांची टोकं भरलेली असतात. फोटोच्या दृष्टीनं ही रचना अजूनही भक्कम आहे.

दुसरी गोष्ट बाजूची. मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरात मुरतं. तळहातावर हा थर जाड असतो, म्हणून तिथे रंग गडद चढतो. हाताच्या पाठीवर तो पातळ असतो, त्यामुळे तीच मेंदी तितकाच वेळ ठेवूनही तिथे फिकी राहते. शिवाय बारीक रेषेतला लगदा लवकर वाळतो आणि वाळलेली मेंदी रंग सोडत नाही. जाड रेषा जास्त वेळ ओली राहते, म्हणून तिचा रंग खोल जातो. त्यामुळे बारीक काम तळहातावर करावं आणि पाठीवर ठसठशीत रेषा काढाव्यात. सावळ्या हाताला तर हे अधिकच लागू पडतं, कारण पाठीवरची फिकी बारीक रेषा कातडीच्या रंगात हरवून जाते.

आता एक उदाहरण घेऊ. लग्न शनिवारी दुपारी आहे आणि मुलगी नवरीची करवली आहे. ती कऱ्हा आणि दिवा घेऊन नवरीच्या मागे उभी राहणार. म्हणजे बहुतेक फोटोंत तिच्या बोटांची मागची बाजू आणि हाताची पाठ दिसणार. तळहात दिसेल तो मेंदी दाखवत मुद्दाम काढलेल्या एक-दोन फोटोंत.

तिने आठवडाभर आधी, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर हात पालथा ठेवावा. लग्नात घालायच्या बांगड्या आणि अंगठी त्या वेळीच घालावी. फोन बरोबर हातावर धरून फोटो घ्यावा आणि हात खऱ्या आकारात येईल असा छापून आणावा. त्यावर बटर पेपर ठेवून तपकिरी स्केचपेननं तीन नमुने काढावेत: एक पूर्ण भरलेला, एक अर्धा मोकळा आणि एक फक्त वेल व बोटांच्या टोप्यांचा. चित्रकला येण्याची गरज नाही. रेषा कुठे दाट आणि कुठे विरळ, एवढं कळलं की पुरे. मग तिन्ही कागद भिंतीला लावून सात-आठ फुटांवरून पाहावेत.

अशा फोटोतून आणखी काही गोष्टी उघड होतात. हिरव्या चुड्यानं मनगटावरची तीन-चार बोटं जागा झाकली जाते, म्हणजे तिथलं बारीक काम वायाच जाणार. अंगठीच्या बोटावर खड्याभोवती नक्षी दाटली तर अंगठी उठून दिसत नाही. बोटं आखूड असतील तर त्यांवर आडवे पट्टे नकोत, उभी सरळ वेल बरी. या करवलीनं शेवटी अर्धा मोकळा नमुना घेतला, तर तिचा हात असा होईल: पाठीवर मनगटापासून तर्जनीकडे जाणारी एक जाड वेल, पाच बोटांना टोप्या, अंगठीचं बोट मधे मोकळं आणि चुड्याखाली काहीच नाही. भरगच्च जाळीची हौस तळहातावर भागवता येईल. जवळच्या फोटोत तिथलं काम दिसेल आणि रंगही चढेल.

मग वेळेचं गणित. मेंदी काढल्यावर पहिल्या दिवशी रंग नारिंगी असतो. हवेतल्या ऑक्सिजननं तो तपकिरी होत जातो आणि साधारण 48 तासांनी सर्वांत गडद होतो. म्हणून शनिवारच्या लग्नासाठी मेंदी गुरुवारी काढावी. शुक्रवारी रात्री काढलेली मेंदी फोटोत केशरी आणि पुसट दिसते. लगदा सहा ते आठ तास ठेवावा, मग खरवडून काढावा आणि पुढचे बारा तास तरी पाणी लावू नये. लिंबू-साखरेचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. पाणी जास्त झालं की लगदा ओघळतो आणि जाळीच्या फटी भरून जातात. जिथे नक्षी दाट, तिथे हे नुकसान सर्वांत आधी होतं. फोटोआधी हाताला तेलही चोळू नये, फ्लॅशमध्ये चमक येऊन नक्षी पुसल्यासारखी दिसते.

वेळ कमी आहे म्हणून तासाभरात काळा रंग देणारा कोन मात्र घेऊ नये. मेंदीच्या पाल्याचा रंग असा काळा कधीच येत नाही. अशा कोनात बऱ्याचदा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं. त्यानं हातावर फोड येऊ शकतात आणि त्याची ॲलर्जी जन्मभर राहू शकते. काळसर रेषा हवीच असेल तर ती जाड काढून घ्यावी आणि दोन दिवस आधी काढावी, एवढाच खरा उपाय आहे.

मेंदीवाल्या ताईंकडे जाताना मोबाइलवरचे पन्नास नमुने नेऊ नयेत. आपल्या हाताचा छापलेला फोटो, त्यावरचा निवडलेला बटर पेपर आणि दोन वाक्यं पुरतात: ‘माझ्या हातात कऱ्हा असणार आहे, पाठीवर अर्धी जागा मोकळी ठेवा. तळहात मात्र हवा तेवढा भरा.’ अनुभवी हाताला इतकं ऐकून रेषा किती जाड धरायची आणि कुठे थांबायचं, ते लगेच कळतं.