गावतळ्यातील पाणी मे-अखेर पुरेल काय? : अंदाजाच्या एका प्रश्नाची उकल

दोन हजार लोकवस्तीचे एक गाव आहे. गावात चारशे मोठी जनावरे आहेत. पावसाळा संपल्यावर गावतळ्यात दोन हेक्टर क्षेत्रावर पाणी पसरलेले आहे आणि बांधालगत त्याची खोली सहा मीटर आहे. गावाला दुसरा आधार नाही. हे पाणी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत पुरेल काय?

अभियांत्रिकीच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना घालता येण्यासारखा हा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणाप्रमाणे यात सर्व आकडे दिलेले नाहीत. माणशी पाणी किती लागते, उन्हाने किती उडते, जमिनीत किती मुरते, याविषयी प्रश्न मौन बाळगतो. ते विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाचे, आपण काय गृहीत धरले व का धरले हे लिहावयाचे आणि मग उत्तराकडे जावयाचे असते. परीक्षकाने गुण द्यावयाचे ते या वाटचालीला. शेवटच्या आकड्याला त्यात फार थोडा वाटा असतो.

या जातीच्या प्रश्नांशी इटलीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचे नाव जोडले गेले आहे. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा फर्मी काही मैल अंतरावर उभे होते. स्फोटाचा धक्का पोहोचण्याच्या सुमारास त्यांनी हातातील कागदाचे कपटे खाली सोडले आणि ते सुमारे अडीच मीटर सरकल्याचे पाहून स्फोटाची शक्ती दहा हजार टन टीएनटीइतकी असावी, असा अंदाज जागच्या जागी बांधला. पुढे झालेल्या मापनांतून ती वीस हजार टनांहून काहीशी अधिक ठरली. अंदाज निम्म्यावर आला हे खरे. पण शक्ती शेकड्यांत आहे, हजारांत आहे की लाखांत, हे त्यांनी कपट्यांवरून बरोबर सांगितले होते. आपल्या गावतळ्याच्या प्रश्नातही अपेक्षा एवढीच आहे.

प्रथम साठा पाहू. दोन हेक्टर म्हणजे वीस हजार चौरस मीटर. त्याला सहाने गुणून एक लाख वीस हजार घनमीटर असे उत्तर काढणे हा येथील पहिला सापळा होय. तळे हौदासारखे उभ्या भिंतींचे नसते. ते परातीसारखे कडेला उथळ आणि बांधाजवळ खोल असते. म्हणून सरासरी खोली कमाल खोलीच्या निम्मी, म्हणजे तीन मीटर धरणे वाजवी ठरते. साठा मग साठ हजार घनमीटर होतो. ज्याने तळे पाहिले आहे त्याच्या हे सहज ध्यानात येते. ज्याने केवळ सूत्र पाहिले आहे त्याचा साठा येथेच दुप्पट होतो.

आता वापर. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज चाळीस लिटर हे प्रमाण आपल्याकडे दीर्घकाळ प्रचलित होते; २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ते पंचावन्न लिटरांवर नेले. शहरांसाठीचे एकशे पस्तीस लिटरांचे प्रमाण येथे लावणे गैर ठरेल, कारण ज्या गावाचे पाणी तळ्यावरून भरून आणले जाते तेथे कोणीही एवढे पाणी वापरत नाही. माणशी चाळीस लिटर धरले तर दोन हजार माणसांना दररोज ऐंशी घनमीटर पाणी लागते. मोठ्या जनावराला पन्नास लिटर धरले तर आणखी वीस घनमीटर. एकूण शंभर घनमीटर झाले. नोव्हेंबरच्या प्रारंभापासून मे-अखेरपर्यंत सुमारे दोनशे दहा दिवस होतात. म्हणजे वापर एकवीस हजार घनमीटर.

येथवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला पाणी मुबलक वाटते, आणि बरेच जण येथेच थांबण्याचा संभव असतो. परंतु तळ्याला आणखी एक ग्राहक आहे. तो म्हणजे सूर्य.

बाष्पीभवनाचा आकडा पाठ नसला तरी तो काढता येतो, आणि या प्रश्नातील सर्वांत रंजक भाग हाच होय. सौर पॅनेलांमुळे आता अनेकांना ठाऊक झाले आहे की आपल्याकडे स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर विजेच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे सहा युनिट ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट लागते. तेव्हा सगळी ऊर्जा या एकाच कामी खर्च झाली तर चौरस मीटरमागे नऊ लिटर पाणी उडेल. एका चौरस मीटरवरील एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा थर. म्हणजे पातळी दिवसाला नऊ मिलिमीटर खाली जाईल. प्रत्यक्षात काही ऊन पृष्ठभागावरून परतते, काही उष्णता रात्रंदिवस आकाशाकडे निघून जाते. दोन-तृतीयांश ऊर्जा कामी आली असे धरले तर सहा मिलिमीटर उरतात. हिवाळ्यात हा आकडा चारच्या आसपास असेल. एप्रिल-मेमध्ये कोरडा वारा बाहेरची उष्णता वाहून आणतो, त्यामुळे त्या दिवसांत तो बराच वर जाईल. सात महिन्यांची सरासरी म्हणून सहा मिलिमीटर स्वीकारण्यास हरकत नाही.

दोनशे दहा दिवसांत सहा मिलिमीटरप्रमाणे सव्वा मीटरहून किंचित अधिक उंचीचे पाणी उडते. मात्र पाणी उतरते तसतसे तळ्याचे क्षेत्रही आक्रसते. परातीच्या आकाराचे तळे हंगामभरात रिकामे होत जाते असे मानले तर सरासरी क्षेत्र मूळच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे तेरा हजार तीनशे चौरस मीटर पडते. यावरून बाष्पीभवन सतरा हजार घनमीटर निघते. दहा हजार लिटरांच्या टँकरच्या हिशेबाने सांगावयाचे तर सतराशे टँकर! माणसे आणि जनावरे मिळून जेवढे पाणी वापरतात जवळजवळ तेवढेच ऊन घेऊन जाते.

वापर आणि बाष्पीभवन मिळून अडतीस हजार घनमीटर झाले. शिल्लक बावीस हजार. आता पाझर राहिला. त्याचा अंदाज घरबसल्या बांधता येत नाही. काळी चिकण माती असेल तर तो अल्प असतो, मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल तर कितीतरी पट अधिक. येथे विचारी विद्यार्थी आकडा ठोकून देत नाही. तो प्रश्न उलटा करतो : किती पाझर या तळ्याला सोसेल? बावीस हजार घनमीटर पाणी तेरा हजार तीनशे चौरस मीटरवर पसरले तर एक मीटर पासष्ट सेंटिमीटर भरते. दोनशे दहा दिवसांनी भागल्यास दिवसाला आठ मिलिमीटर येतात. पाझर याहून कमी असेल तर पाणी पुरेल, अधिक असेल तर मे-अखेरपूर्वीच तळ दिसेल.

हे उत्तर ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही; तरी प्रश्नाचे खरे उत्तर हेच होय. कारण पुढे काय मोजावे हे ते सांगते. तळ्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी रोवावी आणि डिसेंबरात दहा दिवसांच्या अंतराने पातळी पहावी. त्या सुमारास तळे बऱ्यापैकी भरलेले असते. दैनंदिन वापराने पातळी सुमारे पाच मिलिमीटर आणि उन्हाने सुमारे चार मिलिमीटर उतरते. दहा दिवसांत नऊ सेंटिमीटर घट झाली तर पाझर नगण्य आहे असे समजावे. घट सतरा सेंटिमीटरांपर्यंत गेली तर तळे मर्यादेवर आले. याहून अधिक असेल तर टँकरची मागणी एप्रिलपर्यंत लांबवू नये. पाण्याची उंची कमी होते तसा पाझरही काहीसा मंदावतो, हे खरे. पण तेवढ्यावर विसंबून राहणे ग्रामपंचायतीला परवडणारे नाही. (हेच तळे पाझर तलाव असते तर मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळाले म्हणून आपण समाधान मानले असते. तोटा कशाला म्हणावयाचे, हेही एक गृहीतकच आहे.)

आता परीक्षकाची अडचण पाहू. समजा, एका विद्यार्थ्याने खोली सहा मीटर धरली, माणशी एकशे पस्तीस लिटर घेतले, जनावरे, ऊन आणि पाझर विसरला आणि ‘६३,३०० घनमीटर पाणी शिल्लक राहील’ असे लिहिले. गुणाकार बिनचूक आहे, उत्तर ठाम आहे. दुसऱ्याने वरीलप्रमाणे पायऱ्या मांडल्या, एके ठिकाणी क्षेत्र आक्रसण्याचे विसरून बाष्पीभवन पंचवीस हजारांवर नेले आणि पाझराची मर्यादा आठऐवजी पाच मिलिमीटर काढली. त्याचे उत्तर एक-तृतीयांशाहून अधिक चुकले. तरीही अधिक गुण दुसऱ्यालाच दिले पाहिजेत, कारण त्याची चूक कोणत्या ओळीत आहे हे दाखविता येते आणि दुरुस्त करता येते. पहिल्याने गृहीतके लिहिलीच नसतील तर त्याच्याशी वाद कशावर घालावयाचा?

गुण देताना आणखी एक गोष्ट तपासावी. विद्यार्थ्याला आपल्या कोणत्या आकड्यावर कितपत विश्वास आहे, हे त्याने सांगितले आहे काय? माणशी तीस ते पंचावन्न लिटर धरल्यास हंगामाचा वापर सतरा ते सत्तावीस हजार घनमीटरांत हलतो. बाष्पीभवन दिवसाला पाच ते सात मिलिमीटर धरल्यास ते चौदा ते वीस हजारांत राहते. परंतु सरासरी खोली अडीच ते साडेतीन मीटर धरताच साठा पन्नास ते सत्तर हजारांपर्यंत हेलकावतो. तिन्ही आकडे एकाच वेळी प्रतिकूल निघाले तर पाझरासाठी अवघा एक मिलिमीटर उरतो. तिन्ही अनुकूल निघाले तर चौदा. असा योग क्वचितच येतो, कारण स्वतंत्र चुका बहुधा एकमेकींना काही अंशी खोडून काढतात. तथापि हे सर्व चुकांना लागू नाही. खोली दुप्पट धरण्याची चूक इतर कोणत्याही चुकीने भरून येत नाही. तेव्हा दरडोई पाण्यावर काथ्याकूट करण्याआधी दोरी आणि वजन घेऊन तळ्याच्या पाच-दहा ठिकाणी खोली मोजणे हे पहिले काम ठरते.

याच मांडणीतून आणखी एक निर्णय तपासता येतो. तेवढेच पाणी निम्म्या क्षेत्रात, दुप्पट खोलीत साठविले तर ऊन निम्मेच पाणी नेईल, म्हणजे सुमारे साडेआठ हजार घनमीटर वाचतील. गाळ काढून तळे खोल करण्यामागे हा हिशेब आहे. पण गाळाचा थर पाझरही रोखून धरीत असतो. खोदताना खालचा मुरूम उघडा पडला आणि पाझर दिवसाला चार-पाच मिलिमीटरांनी वाढला, तर उन्हापासून वाचविलेले बरेचसे पाणी जमिनीत जाईल. म्हणून गाळ काढण्यापूर्वी एका हंगामात आणि काढल्यानंतर दुसऱ्या हंगामात, त्याच डिसेंबर महिन्यात, त्याच काठीवरील दहा दिवसांची घट नोंदवून ठेवावी.