माहितीपत्रकातून पडद्यावरच्या पाट्या

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून तेथील कारागिरांना परगावच्या खरेदीदारांसमोर आपला माल मांडण्याचे प्रसंग येतात. तेथे छापील माहितीपत्रकच जसेच्या तसे पडद्यावर टाकले, तर समोरचा वाचत बसतो आणि बोलणाऱ्याकडे त्याचे लक्ष राहत नाही. म्हणून मजकूर स्लाइडमध्ये, म्हणजे एकेका पाटीत, मोडावा लागतो. कसा, ते पाहू. समजा, पत्रकात असा परिच्छेद आहे:

"आमचा तंबोरा तुणीच्या लाकडाचा असून पंढरपूर भागातील भोपळा पूर्ण वाळवून वापरल्याने तो तडकण्याची भीती कमी असते व निम्मी रक्कम जमा झाल्यापासून दोन महिन्यांत माल मिळतो, मात्र पावसाळ्यात पॉलिश उशिरा वाळत असल्याने पंधरा दिवस जास्त लागतात."

प्रथम "व", "मात्र", "म्हणून" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. "व" जेथे दोन वेगळ्या गोष्टी जोडतो, तेथे पाटी तुटते. येथे एक गोष्ट टिकाऊपणाची, दुसरी मुदतीची; म्हणून पाट्या दोन. "मात्र" आणि "म्हणून" येथे तोडू नये, कारण अट व कारण आपल्या विधानाजवळच राहिले पाहिजेत.

मथळ्यात नुसते "गुणवत्ता" किंवा "मुदत" लिहून काही कळत नाही. सांगायचे तेच मथळ्यात लिहावे:

भोपळा पूर्ण वाळवलेला, म्हणून तडकण्याची भीती कमी
- भोपळा पंढरपूर भागातला
- लाकूड तुणीचे

माल दोन महिन्यांत, पावसाळ्यात अडीच
- मुदत निम्मी रक्कम जमा झाल्यापासून
- पावसाळ्यात पॉलिश उशिरा वाळते

खरा धोका दुसऱ्या पाटीत आहे. मजकूर आखूड करताना "पावसाळ्यात अडीच" आणि "रक्कम जमा झाल्यापासून" हेच शब्द आधी गळतात. उरते "माल दोन महिन्यांत", आणि खरेदीदार तोच शब्द धरून बसतो. जून महिन्यात नुसता तोंडी होकार देऊन तो ऑगस्टमध्ये माल मागायला आला, तर भांडण पाटीवरूनच होणार. म्हणून पाट्या तयार झाल्यावर मूळ परिच्छेद समोर ठेवून फक्त दर, मुदत आणि अटी ताडून पाहाव्यात. बाकी शब्द गळाले तरी चालतील.

मजकूर अजून जास्त आहे हे संगणकच दाखवतो. पॉवरपॉइंटमध्ये चौकटीत न मावणारी अक्षरे बहुधा आपोआप बारीक होऊ लागतात. अशा वेळी बारीक अक्षरांवर समाधान न मानता आणखी एक पाटी करावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत!

लाकूड कसे निवडले, पॉलिशचे किती हात दिले, हा तपशील फेकू नये. तो पाटीखालच्या `Notes` या जागेत लिहावा. तो पडद्यावर दिसत नाही, पण छापताना `Notes Pages` निवडले की पाटी आणि तिचा तपशील एकाच कागदावर येतो. तोच कागद खरेदीदाराच्या हाती द्यावा.