गुळाच्या ढेपेचा रंग काय सांगतो?



आपल्या केंद्रातील बहिणी बनवतात त्या नागलीच्या लाडवांविषयी आणि चिक्कीविषयी आपण आवर्जून विचारता, त्याबद्दल आभार. मंडळ्यांमधून विक्री झाल्यावर एक प्रश्न मात्र दरवेळी येतो. "या वेळची चिक्की काळपट का दिसते? मागच्या वेळची पिवळीधमक होती. गूळ हलका वापरता का?" प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरावर आमच्या बहिणी बाजारातून कोणता गूळ उचलतात हे ठरते. म्हणून या अंकात गुळाच्या रंगाविषयीच लिहितो.

डहाणू आणि तलासरीच्या बाजारात उसाचा गूळ बाहेरून येतो, कारण आपल्याकडे ऊस फारसा नाही. काही माल दक्षिण गुजरातेतून येतो, तर काही कोल्हापूरचा म्हणून विकला जातो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या गुळाचे फार मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि तिथे फिकट सोनेरी रंगाला मागणी असते. बाजार समितीतील सौद्यात व्यापारी ढेप फोडून रंग आणि कणी पाहतात व तेवढ्यावर एक नंबर, दोन नंबर असा भाव बोलतात. सीमेलगतच्या आपल्या दुकानांतही तीच नजर आली आहे. पिवळा गूळ वरच्या फळीवर ठेवतात आणि काळा खाली पोत्यात. त्यातच आपल्या भागात काळा गूळ म्हटले की लोकांना नवसागर आणि हातभट्टी आठवते. त्यामुळे आमच्या बहिणींनाही तो सर्वांसमोर मागायला संकोच वाटतो.

आता हा रंग येतो कुठून ते पाहू. गुऱ्हाळात ऊस चरकातून काढला की हिरवट राखाडी रस मिळतो. एक टन उसापासून साधारण 100 ते 120 किलो गूळ उतरतो. रस मोठ्या काहिलीत घालतात आणि खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ करतात. रस तापू लागला की मळी वर येते. ती नीट निघावी म्हणून भेंडीची झाडे ठेचून त्यांचा चिकट रस काहिलीत घालतात. हा चिकटपणा रसातील बारीक कचरा धरून वर आणतो आणि गुळव्या तो झाऱ्याने काढून टाकतो. रसाची आंबट बाजू कमी करण्यासाठी थोडी चुन्याची निवळी घालतात. मग दोन-तीन तास आटवून साधारण 118 अंश सेल्सिअसला पाक उतरवतात. गुळव्याला त्यासाठी थर्मामीटर लागतोच असे नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो. त्याची घट्ट गोळी झाली आणि ती आपटल्यावर टणक आवाज आला की काहील खाली घेतो. पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि निवल्यावर साच्यात भरतात.

या प्रत्येक पायरीवर रंग घडतो किंवा बिघडतो. उसाच्या रसात मुळातच रंग धरणारी द्रव्ये असतात. कापलेले सफरचंद जसे हवेने तांबूस होते तसा रसही हवा लागून आणि चरकाच्या लोखंडामुळे काळसर होतो. मळी पुरती काढली नाही तर ती पाकात करपते आणि गूळ गडद होतो. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला तर त्यातील साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ही फुटलेली साखर उष्णतेत लवकर तांबडी पडते. शिवाय ती हवेतली ओल ओढते, म्हणून असा गूळ मऊ आणि चिकट राहतो. चुना जास्त पडला तरी ही साखर जळून रंग काळवंडतो. खारवट जमिनीतला किंवा नत्राची खते अति दिलेला ऊसही गडद आणि किंचित खारट गूळ देतो. जाळ शेवटी आवरला नाही तर पाक तळाशी लागतो आणि त्याचा कडवटपणा गुळात उतरतो.

म्हणजे गडद रंगाची कारणे दोन प्रकारची आहेत. उसाची जात, जमीन आणि रसातील नैसर्गिक द्रव्ये यांमुळे आलेला तपकिरी रंग हा दोष नाही. शिळा ऊस, न काढलेली मळी आणि करपलेला पाक यांमुळे आलेला काळेपणा मात्र दोष आहे. नुसत्या डोळ्याला दोन्ही ढेपा जवळजवळ सारख्याच दिसतात.

फिकट रंगाचेही असेच आहे. चांगल्या जातीचा ताजा ऊस त्याच दिवशी गाळला, मळी मन लावून काढली आणि जाळ योग्य ठेवला तर गूळ आपोआप सोनेरी होतो. हे कौशल्याचे काम आहे. पण त्याला एक आडवाटही आहे. सोडियम हायड्रोसल्फाइट नावाची पांढरी पूड काहिलीत टाकली की काळपट पाकसुद्धा पाहता पाहता पिवळा पडतो. गुऱ्हाळावर तिला नुसते 'हायड्रोस' म्हणतात. ही पूड मळी काढत नाही. रंगद्रव्यांचा रंग तेवढा ती घालवते आणि द्रव्ये गुळातच राहतात. पुढे हवा आणि ओल लागली की तो रंग हळूहळू परत येतो. दुकानात पिवळी असलेली ढेप घरी दोन महिन्यांत डागाळते, त्याचे एक कारण हे असते.

या पुडीचा गंधकाचा अंश गुळात राहतो. सरकारी अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाखांत 70 भागांपेक्षा, म्हणजे किलोमागे 70 मिलिग्रॅमपेक्षा, जास्त असू नये. बहुतेकांना अल्प अंशाने काही होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना गंधकाच्या अशा अंशाने त्रास वाढू शकतो. आमचे लाडू बालवाडीतील मुलेही खातात, म्हणून आम्हाला हे पाहावे लागते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बचत गटाच्या बैठकीत तीन ढेपा शेजारी ठेवल्या. एक अगदी फिकट, जवळजवळ पांढरट पिवळी होती. दुसरी मधासारखी तपकिरी आणि तिसरी काळी. भाव सांगण्याआधी बहिणींना निवड करायला सांगितले. बहुतेकींनी पहिलीवर बोट ठेवले. मग चारही अंगांनी तपासणी केली.

आधी ढेपा फोडल्या. पहिली व दुसरी कडक होती आणि फुटल्या जागी कणी चमकत होती. तिसरी फुटलीच नाही. ती दबली आणि सुरीला चिकटली. म्हणजे तिच्यात फुटलेली साखर जास्त होती. नंतर चव घेतली. दुसरीची गोडी सरळ आणि उसाच्या वासाची होती. तिसरीला मागून कडवटपणा येत होता. पहिली गोड होती, पण जिभेवर शेवटी किंचित खारट लागली आणि उसाचा वास जवळजवळ नव्हता.

तिसऱ्या पायरीला प्रत्येकीचा लिंबाएवढा खडा काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवला. काळ्या गुळाच्या तळाशी राखेसारखा गाळ बसला आणि वर चिपाडाचे तंतू तरंगले. तपकिरीच्या तळाशी अगदी पातळ थर होता. पहिलीचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसत होते. तळाशी पांढरा गाळ असता तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले असते. फेस आला तर खडूची भुकटी किंवा तसाच दुसरा क्षार असल्याचा संशय घेता येतो.

चौथी परीक्षा काळाची होती. तीन तुकडे तीन वाट्यांत झाकून फळीवर ठेवले. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा तपकिरी तुकडा होता तसाच होता. काळ्याला पाणी सुटले होते. फिकट तुकडा मात्र कडेने तपकिरी झाला होता आणि मधे पिवळा राहिला होता. पहिल्या दिवशी ज्यांनी तो निवडला होता त्यांनीच वाटी सर्वांना फिरवून दाखवली.

यावरून फिकट ढेपेत हायड्रोस होतेच असे मी म्हणणार नाही. खारट चव जमिनीचीही असू शकते आणि आपल्या किनारी हवेत चांगला गूळही पावसाळ्यात काळवंडतो. गंधकाचे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते. घरची तपासणी इतकेच सांगते की कोणत्या ढेपेवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या ढेपेबद्दल दुकानदाराला विचारावे. गडद गुळात लोह भरपूर असते असेही पुष्कळदा ऐकू येते. त्यात खनिजे थोडी अधिक असू शकतात, पण रंग हे लोहाचे माप नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बहिणीने गुळावर विसंबून दवाखान्याच्या गोळ्या सोडू नयेत.

तेव्हापासून गट रंगावरून नव्हे तर कामावरून गूळ निवडतो. चिक्कीला कडक आणि कणीदार गूळ लागतो. चिकट गुळाची चिक्की वडी धरत नाही आणि कागदाला चिकटून बसते. लाडवांना थोडा मऊ, गडद गूळ चालतो, मात्र कडवट नको आणि गाळ कमी हवा. आणलेला गूळ कोरड्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि पावसाळ्यापुरता साठा मेअखेर करून घेतो.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. या वेळची चिक्की काळपट दिसते कारण ती दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मधाळ तपकिरी गुळाची आहे. गूळ नैसर्गिक असला की प्रत्येक खेपेला रंग थोडा बदलणारच, कारण दरवेळी ऊस वेगळा, जमीन वेगळी आणि काहिलीजवळचा हातही वेगळा. विक्रीच्या टेबलावर आपण पिवळीच चिक्की मागत राहिलात तर बहिणींना पुन्हा वरच्या फळीवरची ढेप आणावी लागेल. म्हणून पुढच्या विक्रीला चिक्की हातात घेतलीत की तुकडा मोडून पाहा. तो कडक मोडतो का, उसाचा वास येतो का, शेवटची चव गोड राहते का, एवढे तपासा. या तिन्हींत ती कमी पडली तर अवश्य कळवा, आम्ही गूळ बदलू.

आपला सेवक,
डहाणू–तलासरी केंद्र